आंतरराष्ट्रीय संबंधांच्या सिद्धांतांचा तक्ता: 'उदाहरण' या रकान्यात नेमकं काय लिहायचं?

रेवा_क

नमस्कार. एम. ए. राज्यशास्त्र, दुसरं वर्ष. उजळणीसाठी एक तक्ता केला आणि तो आमच्या बाईंना दाखवला. त्यांनी पहिले तीन रकाने वाचले, मान डोलावली, चौथ्यावर पेन्सिलीने एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि "हा रकाना फसवा आहे, विचार कर" एवढं बोलून तासाला निघून गेल्या. दोन दिवस विचार केला, काही सुचत नाही. तक्ता असा:

| सिद्धांत | काय गृहीत धरतो | काय म्हणतो | उदाहरण |
|---|---|---|---|
| वास्तववाद | राष्ट्रांच्या वर कुणी सत्ता नाही, त्यामुळे प्रत्येकाला आधी स्वतःची सुरक्षितता बघावी लागते | एकाचं बळ वाढलं की दुसऱ्याची भीती वाढते, मग शस्त्रं आणि युत्या यांतून तोल साधला जातो | अमेरिका–सोव्हिएत अण्वस्त्रस्पर्धा |
| उदारमतवाद | राष्ट्राच्या आत कुणाचं राज्य आहे याला महत्त्व आहे, आणि सहकार्यात दोघांचाही फायदा होऊ शकतो | व्यापार, संस्था आणि लोकशाही यांमुळे युद्धाची शक्यता घटते | 1951 चा पॅरिस करार, युरोपचा कोळसा-पोलाद समुदाय |
| संरचनावाद | हितसंबंध आणि ओळख आधीपासून ठरलेली नसते, ती व्यवहारातून घडते | शत्रू-मित्र शस्त्रं मोजून ठरत नाहीत, समज बदलली की वागणं बदलतं | शीतयुद्धाचा शेवट, 1989 |
| मार्क्सवादी आणि परावलंबन | जगाची अर्थव्यवस्था केंद्र आणि परीघ अशी विभागलेली आहे | केंद्रातलं भांडवल परिघाला मागास ठेवतं, राजकारण त्याच्या मागून चालतं | ग्वाटेमाला, 1954 |

यात चूक काय आहे?

सडेतोड

चूक तिसऱ्या ओळीत आहे. शीतयुद्ध 'समज बदलल्यामुळे' संपलं? अहो, दिवाळं वाजलं त्यांचं! 1986 साली तेलाचा भाव निम्म्याहून खाली आला, अफगाणिस्तानात सैन्य अडकलेलं, दुकानांत रांगा. खिशात दमडी नसेल तर शेजाऱ्याशी भांडण आपोआप मिटतं. हे उदाहरण सरळ उचला आणि पहिल्या ओळीत टाका. उरलेल्या ओळी परीक्षेपुरत्या ठेवा. आपल्याकडे मात्स्यन्याय सांगून झालाय, मोठा मासा लहान माशाला खातो. विषय संपला.

द्राक्षबाग_दिंडोरी

मी शेतकरी माणूस, तुमच्या परीक्षेतलं कळत नाही. पण धागा आंतरराष्ट्रीय संबंधांचा आहे म्हणून विचारतो. 2010 साली आमचा माल युरोपात अडकला. सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाटचा अंश निघाला म्हणाले. छाटणीनंतर वाढ रोखायला सगळेच मारायचे, इथल्या तपासणीच्या यादीत ते तेव्हा नव्हतं. माझे दोन कंटेनर तिकडच्या बंदरात पडून राहिले, शेवटी कवडीमोलाने गेले. त्यांनी मर्यादा ठरवायची आणि आम्ही ती माल पोचल्यावर ऐकायची. हे तुमच्या कुठल्या ओळीत बसतं?

रेवा_क

@द्राक्षबाग_दिंडोरी, काका, चौथ्या ओळीत बसेल असं वाटतंय. पण दुसऱ्या ओळीतही बसेल, कारण नियम आणि संस्था आहेतच की. आता मीच गोंधळले.

आडगावकर

रेवा, तुझा हा गोंधळच बाईंच्या प्रश्नचिन्हाचं उत्तर आहे. पण आधी एक छोटी दुरुस्ती, नाहीतर गुण जातील. तिसऱ्या ओळीत 'संरचनावाद' नको, 'रचनावाद' लिही. बाजारातल्या नोट्समध्ये हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. या विषयात 'संरचना' हा शब्द केनेथ वॉल्ट्झने 1979 च्या पुस्तकात आपल्या नववास्तववादासाठी वापरला. म्हणजे तू नाव एका पक्षाचं लिहिलंस आणि मजकूर त्याच्या विरोधकांचा.

आता चौथा रकाना. तुझं प्रत्येक उदाहरण त्या त्या सिद्धांताच्या माणसांनीच निवडलेलं आहे. वरपक्षाने आणलेले साक्षीदार वरपक्षाचीच बाजू सांगणार. कोळसा-पोलाद समुदाय घे. उदारमतवादी म्हणतो, बघा, फ्रान्स आणि जर्मनीने युद्धाचा कच्चा मालच एका सामाईक संस्थेच्या ताब्यात दिला आणि वैर संपलं. वास्तववादी त्याच घटनेवर बोट ठेवून म्हणतो, पूर्वेला सोव्हिएत फौज होती, डोक्यावर अमेरिकेचं छत्र होतं, म्हणून हे एकत्र आले. छत्र काढा आणि मग दाखवा. एकाच घटनेवर दोघंही खूश असतील तर त्या घटनेने कुणाचीच परीक्षा घेतली नाही.

म्हणून चार सिद्धांतांना चार घटना देऊ नकोस. एकच घटना घे आणि चौघांनाही विचार: तुमचं म्हणणं खरं असेल तर इथे काय घडायला हवं होतं? आणि काय घडलं तर तुम्ही अडचणीत याल? 1989 त्यासाठी उत्तम आहे, कारण सडेतोड आणि तू आत्ताच त्यावरून भांडायला लागलात.

@सडेतोड, मात्स्यन्यायाचा दाखला चांगला आहे, पण तो राज्याच्या आतला आहे. राजाने दंड उचलला नाही तर प्रजेत काय होईल, त्याचं ते वर्णन. इथला मुद्दा असा की राष्ट्रांच्या डोक्यावर दंड उचलणारा कुणी नाहीच. 'अराजक' शब्दाचा या विषयातला अर्थ एवढाच, राजा नसलेलं. दंगल किंवा गोंधळ नव्हे. पेपरात निम्मी मुलं तिथेच घसरतात.

वाचनमात्र

दुसऱ्या ओळीतलं 'लोकशाही' तर कारगिलनेच मोडीत काढलं ना? 1999 मध्ये दोन्हीकडे निवडून आलेली सरकारं होती, तरी युद्ध झालं. खाडिलकर रोडच्या कट्ट्यावर हा मुद्दा मांडला की समोरचा गप्प बसतो.

आडगावकर

कट्ट्यावर बसेल, पेपर तपासणारा बसणार नाही. हे मोजणाऱ्यांच्या यादीत युद्ध म्हणजे रणांगणावर किमान 1000 मृत्यू. आपला अधिकृत आकडा 527. पलीकडचा आकडा आजही वादात आहे, त्यामुळे ती रेष ओलांडली की नाही हे पाकिस्तानचा कुठला आकडा धरता यावर ठरतं. नावाजलेल्या एका यादीत कारगिल युद्ध म्हणून नोंदलेलं आहे, हे मात्र खरं. दुसरं, शरीफ 1997 मध्ये निवडून आले होते हे बरोबर, पण मोहीम आखली लष्कराने. पंतप्रधानांना कधी आणि किती सांगितलं यावर दोन्ही बाजू अजून भांडतात, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच लष्कराने त्यांना घरी बसवलं. तेव्हा 'लोकशाही' आणि 'युद्ध' या शब्दांची व्याख्या निकाल पाहून नंतर बदलायची नाही, एवढं पथ्य पाळलं तर कारगिल हा त्या सिद्धांतासाठी खरोखर त्रासदायक प्रसंग आहे. मोडीत काढलं म्हणणं जास्त झालं.

जुनी_बखर

1989 चा विषय निघाला म्हणून लिहितो. मी तेव्हा लाइपझिगला होतो, पूर्व जर्मनीत. हेर्डर इन्स्टिट्यूटमध्ये परदेशी मुलांना आधी जर्मन शिकवत, मग पुढच्या शिक्षणाला पाठवत. दर सोमवारी संध्याकाळी निकोलाय चर्चमधली प्रार्थना संपली की लोक रस्त्यावर यायचे.

9 ऑक्टोबरच्या सोमवारी दुपारी वसतिगृहाच्या बाईंनी खोलीखोलीत येऊन सांगितलं, आज शहराच्या मधल्या भागात जायचं नाही. त्यांचा आवाज कापत होता. चीनमधलं तिआनानमेन होऊन चारच महिने झाले होते आणि तोच शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. इस्पितळांत रक्ताच्या बाटल्या जास्तीच्या मागवल्यात असं खोलीतला व्हिएतनामी मुलगा सांगत होता. संध्याकाळी लाऊडस्पीकरवर शांततेचं आवाहन लागलं, वाचणारा गेवांडहाउसचा संगीतसंचालक कुर्ट माझुर. मी गेलो नाही, खोटं कशाला सांगू. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून दूरवरून नुसता पायांचा आवाज येत होता. नंतर कळलं, 70 हजार लोक होते.

गोळी सुटली नाही. आणि सोव्हिएत सैन्य, जे पूर्व जर्मनीत तीन लाखांहून जास्त होतं, ते बराकींतून बाहेर आलंच नाही. सडेतोड म्हणतात दिवाळं वाजलं होतं. वाजलं असेल. पण रणगाड्यात डिझेल होतं. ते मी रोज रस्त्याने जाताना पाहत होतो.

सडेतोड

अनुभव छान लिहिलात. पण एका खिडकीवरून सिद्धांत ठरत नाही. रणगाडे होते, पण ते वापरल्यावर पुढची दहा वर्षं पोलंड, हंगेरी, जर्मनी पोसायला पैसा कुठून आणणार होते? खर्चाचा हिशोब करून मागे हटणं यालाच वास्तववाद म्हणतात.

आडगावकर

इथे सडेतोडचा मुद्दा मजबूत आहे, आणि तो मांडणारे अभ्यासकही नावाजलेले आहेत. ब्रुक्स आणि वोलफोर्थ यांनी हेच कागदपत्रांवरून मांडलं, की सोव्हिएत घसरण एवढी खोल होती की मॉस्कोतले कडवे लोकसुद्धा दुसरा परवडणारा मार्ग सांगू शकत नव्हते.

माझी शंका वेळेबद्दल आहे. घसरण सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून सुरू होती. गोर्बाचेव्हच्या आधीचे सोव्हिएत प्रमुख आंद्रोपोव्ह आणि चेर्नेंको यांच्याही हातात तोच हिशोब होता, त्यांनी निष्कर्ष वेगळा काढला. आणि हटायचं किती, हेही हिशोब सांगत नाही. 7 डिसेंबर 1988 ला गोर्बाचेव्हनी संयुक्त राष्ट्रांत 5 लाख सैनिक आणि 10 हजार रणगाडे कमी करण्याची घोषणा केली, तीही एकतर्फी. समोरच्याकडून त्या बदल्यात काहीही न मागता. घासाघीस करणारा माणूस असं करत नाही. मंडईत भाव पाडून मागायच्या आधीच कुणी माल अर्ध्या किमतीत देतो का?

रचनावादी म्हणतो, ते घासाघीस करतच नव्हते. समोरचा शत्रू आहे ही समजच ते मोडत होते, कारण ती मोडल्याशिवाय घरातल्या सुधारणा शक्य नव्हत्या. 'तुमची सुरक्षितता वाढली तर माझीही वाढते' हा विचार त्यांना आयता मिळाला होता. स्वीडनच्या पाल्मे आयोगाने 1982 मध्ये तो मांडला आणि त्या आयोगावर अर्बातोव्ह नावाचे सोव्हिएत तज्ज्ञ होते, जे पुढे गोर्बाचेव्हच्या सल्लागारांत गेले. आपलाही एक धागा यात आहे. नोव्हेंबर 1986 मध्ये गोर्बाचेव्ह दिल्लीत आले तेव्हा राजीव गांधींबरोबर अण्वस्त्रमुक्त आणि अहिंसक जगाच्या जाहीरनाम्यावर सही करून गेले. महासत्तेचा प्रमुख सरकारी कागदावर 'अहिंसा' लिहितो, हे तेव्हा लोकांनी हसण्यावारी नेलं.

रेवा, रचनावादाची कल्पना एका वाक्यात हवी असेल तर अलेक्झांडर वेंटचं उदाहरण लक्षात ठेव: अमेरिकेला ब्रिटनच्या 500 अण्वस्त्रांपेक्षा उत्तर कोरियाच्या 5 अण्वस्त्रांची भीती जास्त वाटते. नुसती शस्त्रं मोजली तर हे उलटं यायला हवं.

कागदी_घोडे

आडगावकर सर, बाजू मांडताना एक कागद तुम्ही बाजूला ठेवलात. 10 डिसेंबर 1981 ची पॉलिटब्युरोची, म्हणजे सोव्हिएत पक्षाच्या सर्वोच्च समितीची बैठक. शीतयुद्ध संपल्यावर तिचं टिपण बाहेर आलं. पोलंडमध्ये सॉलिडॅरिटी ही सरकारविरोधी कामगार संघटना जोरात होती आणि सैन्य पाठवायचं का यावर चर्चा झाली. आंद्रोपोव्ह म्हणाले, पोलंड सॉलिडॅरिटीच्या हाती गेलं तरी आपण सैन्य पाठवायचं नाही. सुस्लोव्हही त्याच बाजूचे, आणि हे दोघं काही नव्या विचाराचे नव्हते. तिसऱ्याच दिवशी पोलंडच्या जनरलने स्वतःच मार्शल लॉ लावला म्हणून प्रश्न टळला.

म्हणजे 'रणगाडे बाहेर काढायचे नाहीत' हा निर्णय गोर्बाचेव्हच्या नव्या विचाराआधी चार वर्षं झालेला होता, आणि कारण होतं पश्चिमेकडून येणारे आर्थिक निर्बंध. हा सडेतोडच्या बाजूचा पुरावा आहे.

सडेतोड

धन्यवाद. मी एवढंच म्हणत होतो.

आडगावकर

मान्य. हा कागद माझ्या मांडणीला खरोखर धक्का देतो. सैन्य न पाठवण्याचं श्रेय नव्या विचाराला मी जितकं देत होतो, तितकं देता येणार नाही.

पण त्यामुळे एक गोष्ट आणखी स्पष्ट होते. 1981 मध्ये सैन्य पाठवायचं नाही असं ठरलं, पण पोलंड सोडायचं असं ठरलं नव्हतं. मार्शल लॉ लावा म्हणून मॉस्कोने वर्षभर तगादा लावला होता. 1989 मध्ये कुणालाच तसा तगादा लावला नाही. उलट पूर्व जर्मनीच्या होनेकरला हात आखडता घ्यायचे संकेत दिले. आणि 31 मे 1990 ला वॉशिंग्टनमध्ये गोर्बाचेव्हनी बैठकीत मान्य केलं की एकत्र झालेल्या जर्मनीने कुठल्या युतीत जायचं ते जर्मनीने ठरवावं. म्हणजे नाटोतही चालेल. टेबलाच्या त्यांच्याच बाजूला बसलेले त्यांचे सल्लागार अख्रोमेयेव्ह आणि फालिन उघड चिडले. सगळ्यांचा हिशोब एकच असता तर त्यांना धक्का बसला नसता. दोन कोटींहून जास्त माणसं गमावून मिळवलेली गोष्ट नुसत्या तंगीपायी अशी सोडली जाते, हे मला पटत नाही. सडेतोडला पटेल, आणि त्यांच्यासारख्या अभ्यासकांनाही पटतं.

वाचनमात्र

आणि दुसरी ओळ? उदारमतवादी 1989 बद्दल काहीच म्हणत नाहीत का?

कागदी_घोडे

म्हणतात, आणि त्यांची गोष्ट हळू चालते. 1975 मध्ये हेलसिंकीत 35 देशांनी एका दस्तऐवजावर सह्या केल्या. सोव्हिएत संघाला त्यात सीमांना मान्यता हवी होती, ती मिळाली. बदल्यात मानवी हक्कांची कलमं आली, ती कागदावरच राहतील असं समजून मान्य केली गेली. दोन वर्षांत प्रागमध्ये काही लोक तेच कागद घेऊन सरकारसमोर उभे राहिले, तुम्हीच सही केलीय म्हणत. चार्टर 77. लाइपझिगच्या गर्दीपर्यंत यायला आणखी बारा वर्षं लागली. संस्थांचा परिणाम असा झिरपत येतो, म्हणून तो सिद्ध करणंही अवघड जातं. वास्तववादी म्हणणार, बारा वर्षांत हजार गोष्टी झाल्या.

निशिगंधा_पुणे

अख्ख्या धाग्यात आणि तक्त्यात बायका कुठेच नाहीत हे कुणाला खटकलं नाही? स्त्रीवादी अभ्यास याच काळात, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी या विषयात आला. सिंथिया एन्लोंनी लष्करी तळांभोवतीच्या बायका, मुत्सद्द्यांच्या बायका यांच्याकडे बघायला लावलं. 1989 नंतर पूर्व जर्मनीत सरकारी पाळणाघरं बंद पडत गेली आणि बायकांच्या नोकऱ्या गेल्या. कोण जिंकलं हा प्रश्न त्यांना विचारला तर उत्तर तुमच्या चारही ओळींत नाही.

जुनी_बखर

वसतिगृहाच्या त्या बाईंची नोकरी 1991 मध्ये गेली. नंतर पत्रं यायची. हे तक्त्यात कुठे घालायचं मला माहीत नाही, पण निशिगंधा म्हणतायत त्यात तथ्य आहे.

रेवा_क

सगळ्यांचे आभार. आता एकाच घटनेवर रकाना असा केलाय. स्त्रीवादाची ओळ अजून लिहायचीय, वाचून मग लिहीन. मार्क्सवादाची मला 1989 वर नीट जमत नाहीये, म्हणून तीही रिकामी ठेवली.

| सिद्धांत | 1989 बद्दल काय म्हणतो | काय आढळलं तर अडचणीत येतो |
|---|---|---|
| वास्तववाद | बळ घटलं, साम्राज्याचा खर्च झेपेना, म्हणून माघार | ऐपत असताना माघार, किंवा बदल्यात काही न मागता दिलेल्या सवलती |
| उदारमतवाद | हेलसिंकीच्या कलमांनी आतून दबाव आणला | ज्या देशांत ही कलमं कुणी वापरलीच नाहीत तिथेही तसंच घडलं असेल तर |
| रचनावाद | सुरक्षिततेची समज बदलली, म्हणून शत्रुत्व संपलं | जुन्या विचाराच्या लोकांनीही तेच निर्णय घेतले असतील तर |

सडेतोड

पहिल्या ओळीत 'ऐपत असताना' कोण ठरवणार? गोर्बाचेव्हना ऐपत नाही असं वाटत होतं, ते पुरेसं आहे.

आडगावकर

'वाटत होतं' म्हणालात, म्हणजे तुम्ही तिसऱ्या ओळीत आलात!

सडेतोड

मुळीच नाही. हिशोब डोक्यातच करतात सगळे.

आडगावकर

रेवा, उदारमतवादाच्या ओळीत रोमानिया लिही. तिथे चार्टर 77 सारखं काही उभं राहू शकलं नाही, तरी डिसेंबर 1989 मध्ये सत्ता गेली. गोळीबार मात्र तिथेच झाला. उदारमतवादी या फरकाचा आपल्या बाजूने वापर करतो आणि वास्तववादी म्हणतो, तिथे सोव्हिएत सैन्य 1958 पासूनच नव्हतं, त्यामुळे तो देश तुलनेला घेऊच नका. आणि रचनावादाच्या ओळीत 1981 ची ती बैठक लिही. मला आवडली नाही तरी लिही.

द्राक्षबाग_दिंडोरी

माझे कंटेनर राहिले.

कागदी_घोडे

काका, तुमच्या प्रश्नाला त्याच पद्धतीने उत्तर देऊन बघतो. मर्यादा श्रीमंत बाजारपेठ ठरवते आणि नुकसान उत्पादकाचं होतं, हा चौथ्या ओळीचा मुद्दा. पण पुढे काय झालं ते सांगा. त्यानंतरच्या हंगामात तुम्ही माल पाठवलात का?

द्राक्षबाग_दिंडोरी

पाठवला. सीसीसी तपासणीच्या यादीत आलं, प्लॉटची नोंदणी आधीच होती, आता फळ काढायच्या आधी लॅबचा अहवाल आल्याशिवाय पॅकहाऊसवाला गाडी आत घेत नाही. त्यानंतर माझा एकही कंटेनर अडकला नाही. पण लॅबचे पैसे माझ्या खिशातून जातात आणि यादीत नवीन औषध कधी येईल ते मला अजूनही शेवटी कळतं.

रेवा_क

दोन्ही ओळी थोड्या थोड्या खऱ्या निघाल्या म्हणजे. काका, हे मी परीक्षेत लिहिलं तर चालेल? गावाचं नाव घालत नाही.

द्राक्षबाग_दिंडोरी

लिही की. फेब्रुवारीत द्राक्षं खायला ये.